ओआरएसच्या पुडीतलं मीठ आणि आखूड आतड्याचा रुग्ण

आतड्याची मोठी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या आहाराचं काम मी मिरजेत करते. लहान आतडं दोनशे सेंटीमीटरपेक्षा कमी उरलं की त्याला आखूड आतडं म्हणायचं, अशी मोठ्या माणसांसाठीची ढोबळ रेषा आहे. अशा रुग्णाच्या घरचे आल्या आल्या विचारतात, "खायला काय द्यायचं?" पहिल्या काही महिन्यांत मात्र सगळं अडतं ते पिण्यापाशी. म्हणून ही गोष्ट पाण्याच्या बाजूने सांगते.

जत तालुक्यातले एक शेतकरी, वय बावन्न. आतड्याच्या शिरेत गुठळी होऊन आतडं काळं पडलं आणि ते कापावं लागलं. आपल्याकडे मोठ्या माणसांत आतडं आखूड होण्याचं हे एक ठळक कारण. त्यांच्या डिस्चार्ज कार्डावर "अंदाजे ३०० सेमी आतडं काढलं" एवढंच होतं. या आकड्याचा पुढे काहीच उपयोग होत नाही. लहान आतड्याची लांबी माणसागणिक तीन मीटरपासून आठ मीटरपर्यंत बदलते, त्यामुळे तीनशे सेंटीमीटर काढल्यावर एकाचं जवळजवळ काही उरत नाही आणि दुसऱ्याचं निम्म्याहून जास्त शिल्लक असतं. शस्त्रक्रियेच्या नोंदी मागवल्या तेव्हा कळलं, की वरच्या भागाचं, म्हणजे जेजुनमचं, १२० सेंटीमीटर उरलंय. त्याचं तोंड पोटावर काढलंय आणि मोठ्या आतड्याचा उरलेला भाग न जोडता आत ठेवलाय.

घरी गेल्यावर तीन आठवड्यांत ते परत दाखल झाले. पोटावरच्या तोंडाला लावलेल्या पिशवीतून दिवसाला साडेतीन लिटर पाणी जात होतं, पोटऱ्यांत गोळे येत होते, उठून उभं राहिलं की अंधारी येत होती. लघवी दिवसभरात दोन पेले. बायको रडकुंडीला आलेली. "मॅडम, मी दिवसभर पाजतीय हो. पाणी, शहाळं, उसाचा रस. जेवढं पाजावं तेवढं पिशवीत. आणि ह्यांची तहान काय हटत नाही." लघवीतलं सोडियम तपासलं तर लिटरला ७ मिलिमोल. हा आकडा वीसच्या खाली गेला की शरीर मिठाचा कण न् कण धरून ठेवतंय असं समजायचं. रक्तातलं सोडियम मात्र त्या दिवशीही जवळपास ठीकच होतं, त्यामुळे नुसत्या रक्ताच्या रिपोर्टवर विसंबलं असतं तर हे हातून निसटलं असतं.

मावशींचं काही चुकलं नव्हतं. जुलाब झाले की भरपूर पाणी पाजायचं, हे आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलोय. पण जेजुनमचं अस्तर सच्छिद्र असतं. पोटात आलेल्या द्रवात सोडियम लिटरला साधारण नव्वद मिलिमोलपेक्षा कमी असेल, तर रक्तातलं सोडियम उलट आतड्यात उतरतं आणि त्याच्या मागोमाग पाणीही. धडधाकट माणसात हे पाणी लहान आतड्याचा खालचा भाग, म्हणजे इलियम, आणि मोठं आतडं परत ओढून घेतात. ते दोन्ही वाटेतून गेले, की साध्या पाण्याचा प्रत्येक पेला शरीरातलं थोडं मीठ घेऊन पिशवीत जातो. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असलं तरी सोडियम फार थोडं असतं. उसाच्या रसातली साखर तर स्वतःच पाणी खेचते. चहा, सरबत, पातळ ताक, सगळ्यांची तीच गत.

मग ओआरएस द्यावं, असं कुणीही म्हणेल. आणि गुंता इथेच आहे.

ओआरएसचं मूळ एका साध्या गोष्टीत आहे. आतड्याच्या पेशीत ग्लुकोज आणि सोडियम एकाच दारातून, एकमेकांचा हात धरून आत जातात. १९६०च्या दशकात हे कळलं आणि त्याच दशकाच्या शेवटी ढाका आणि कलकत्त्यात कॉलऱ्याच्या रुग्णांवर त्याची परीक्षा झाली. १९७१मध्ये बांगलादेश युद्धातले निर्वासित सीमेवरच्या बनगावला आले, सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपांतून वाटलं गेलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चारच्या खाली आलं. १९७५मध्ये जगभरासाठी एकच पुडी ठरली. लिटरमागे सोडियम ९० आणि ग्लुकोज १११ मिलिमोल.

नव्वद हा आकडा तडजोडीचाच होता. कॉलऱ्यात मोठ्या माणसाच्या जुलाबातून याहून जास्त सोडियम जातं, लहान मुलाच्या साध्या जुलाबातून बरंच कमी. मुलांना हे पाणी जास्त खारट पडतं, त्यांच्या रक्तातलं सोडियम वाढू शकतं, ही तक्रार अनेक वर्षं चालली. चाचण्या झाल्या. पातळ केलेल्या पुडीने मुलांचे जुलाब आणि उलट्या कमी होतात, सलाइन लावायची वेळ कमी येते, असं दिसलं. २००२मध्ये जागतिक पातळीवर पुडी बदलली. सोडियम ७५, ग्लुकोज ७५, एकूण तीव्रता ३११वरून २४५. पुढे आपल्या औषध दुकानांतही हीच पुडी आली.

त्या वेळी वाद झाला तो कॉलऱ्यावरून. मोठ्या माणसाला कॉलरा झाला आणि हे पातळ पाणी दिलं, तर रक्तातलं सोडियम घसरेल का, एवढ्यावर भरपूर चर्चा झाली. आखूड आतड्याचे रुग्ण संख्येने इतके थोडे, की त्या चर्चेत त्यांच्यासाठी फारशी जागा नव्हती. मुलांच्या दृष्टीने तो निर्णय बरोबरच होता, त्याने जीव वाचतात, यात मला शंका नाही. पण पोटावर जेजुनमचं तोंड असलेल्या माणसाला नव्वद ते एकशेवीस सोडियम लागतं. त्याच्यासाठी जुनी पुडी उंबरठ्यावर बसत होती, नवी उंबरठ्याच्या खाली गेली. पुडीवरचं नाव तेच राहिलं, म्हणून हा फरक कुणाच्या डोळ्यांत भरला नाही. आजही डिस्चार्ज कार्डावर "ओआरएस भरपूर" एवढंच लिहून येतं, आणि ते वाचून मला दर वेळी वाईट वाटतं.

नावाचा घोटाळा पुढे आणखी वाढला. टेट्रापॅकमधली फळांच्या चवीची गोड पेयं ओआरएस या अक्षरांसह दुकानात बसली. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये अन्न नियामकाने सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर ती अक्षरं वापरायला मनाई केली. या मावशींच्या पिशवीतही तसे चार पॅक निघाले होते.

परदेशात आतड्याच्या रुग्णांसाठी वेगळं मिश्रण रूढ आहे. एक लिटर पाण्यात ग्लुकोज २० ग्रॅम, मीठ साडेतीन ग्रॅम आणि खाण्याचा सोडा अडीच ग्रॅम. मिठातून साठ आणि सोड्यातून तीस, असं सोडियम नव्वद भरतं. म्हणजे पोटॅशियम वगळलं तर जवळजवळ १९७५चीच पुडी. चमच्याच्या मापाने घोळ होतो, म्हणून मी सोनाराकडे असतो तसा छोटा काटा घ्यायला सांगते. ज्यांना ते जमत नाही त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे, एक लिटरची पुडी ८०० मिलिलिटर पाण्यात विरघळवायची. पंचाहत्तरला शून्य पूर्णांक आठने भागलं की चौऱ्याण्णव येतात. पोटॅशियमही त्याच प्रमाणात वाढतं, म्हणून किडनीचा त्रास असलेल्याला हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायचं नाही. आणि हे दाट पाणी घरातल्या जुलाब झालेल्या लहान मुलाला चुकूनही द्यायचं नाही. त्याच्यासाठी पुडीवर लिहिलंय तेच माप.

त्या शेतकऱ्यांना आधी दोन-तीन दिवस शिरेतून सलाइन दिलं आणि तोंडाने जवळजवळ काही नाही, त्यामुळे तहानेचं चक्र तुटलं. मग साधं पाणी, चहा, ताक सगळं धरून दिवसाला अर्धा लिटर आणि खारं पाणी एक लिटर, तेही घोट घोट, दिवसभर. पाणी जेवताना नाही, अर्धा तास आधी किंवा नंतर. भाकरी, भात, अंडी, तेल, तूप मोकळं, वरून मीठ चढं. मोठं आतडं प्रवाहात नसताना तेलतुपाला घाबरायचं कारण नसतं. जेवणाआधी अर्धा तास आतड्याची चाल मंदावणारं लोपेरामाइड, आणि आम्ल कमी करणारी गोळी, कारण आतडं कापल्यावर पहिले काही महिने जठर जास्तच पाझरतं. आठवड्याभरात पिशवी दोन लिटरच्या खाली आली, लघवी लिटरभर व्हायला लागली, लघवीतलं सोडियम चाळिसावर गेलं. पोटऱ्यांतले गोळे मॅग्नेशियमच्या गोळ्यांनी आधी हटत नव्हते, ते मिठाचा तोल सावरल्यावर हटले. मीठ कमी पडलं की शरीर ते वाचवायच्या नादात लघवीवाटे मॅग्नेशियम सांडतं, म्हणून आधी मीठ भरायचं.

त्यांचे १२० सेंटीमीटर इथे कामी आले. जेजुनमचं तोंड पोटावर असलेल्यांत शंभर सेंटीमीटरच्या खाली बहुतेक जण पितात त्याहून जास्त गमावतात, त्यांना शिरेतून पाणी-मीठ आणि पुष्कळदा अन्नही द्यावं लागतं. शिरेतून संपूर्ण अन्न देऊन जगवता येतं हे १९६८मध्ये कुत्र्याच्या पिल्लांवर आणि मग एका तान्ह्या बाळावर सिद्ध झालं. त्याआधी अशा रुग्णाला उपायच नव्हता. घरच्या घरी ते देणं पाश्चात्त्य देशांत १९७०च्या दशकात रुळलं. आपल्याकडे खर्च आणि नळीतला जंतुसंसर्ग या दोन गोष्टींनी ते मोजक्या घरांपुरतंच राहिलंय. जतच्या वस्तीवर रोज रात्री निर्जंतुक हाताने नळी जोडणं म्हणजे काय, ते त्या घरात गेल्याशिवाय कळत नाही. म्हणूनच पिण्याच्या पाण्यातलं मीठ मला इतकं महत्त्वाचं वाटतं. काही रुग्णांची सलाइन त्यावर टळते.

उरलेलं आतडं पुढे स्वतःला वाढवतं. आतल्या केसाळ घड्या उंच होतात, अन्न रेंगाळतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुत्र्यांवरच्या प्रयोगांत हे दिसलं होतं, पण त्यामागचा एक मोठा संप्रेरक १९९६मध्ये उंदरांत कळला आणि त्यावरून केलेलं टेड्यूग्लुटाइड हे इंजेक्शन २०१२मध्ये अमेरिका-युरोपात आलं. ते सामान्य घराच्या आवाक्यातलं नाही. हा संप्रेरक मुख्यतः इलियम आणि मोठ्या आतड्यातून निघतो, म्हणून नुसतं जेजुनम आणि पोटावर तोंड असलेल्यांत हे अनुकूलन फारसं होत नाही. मोठं आतडं जोडलं की चित्र बदलतं, आणि पुढची एक-दोन वर्षं सुधारणा होत राहते.

त्यांचं आतडं पाचव्या महिन्यात जोडलं. त्यानंतर आले ते मनात धास्ती घेऊन, साधं पाणी अजूनही मोजूनच पीत होते. मोठं आतडं मीठ-पाणी ओढून घेतं, तेव्हा आता तहान लागेल तसं पाणी चालेल, हे मी दोनदा सांगितलं. बंधनं बदलली. तेलतूप बेताचं, कारण न पचलेली चरबी मोठ्या आतड्यात जुलाब वाढवते. भात-भाकरी जास्त, कारण तिथले जंतू न पचलेल्या पिठाची ऊर्जा करून देतात. पालक, अळू आणि दिवसाचे सहा कप चहा मात्र कमी करायला सांगितले. मोठं आतडं जोडलेलं असताना ऑक्झलेट रक्तात जास्त शिरतं आणि मूतखडे होतात. बी-१२ची इंजेक्शनं आयुष्यभर, कारण ते शोषणारा इलियमचा शेवट गेलाय. चहाचं ऐकल्यावर ते जरा हिरमुसले. मावशींनी पिशवीतून लघवी मोजायची बाटली काढली, वहीतला आकडा दाखवला. चौदाशे मिलिलिटर.