नळीत तुटलेलं फिलामेंट बाहेर काढताना

थ्रीडी प्रिंटरचं फिलामेंट, म्हणजे वितळवून वस्तू बनवायची प्लास्टिकची तार, नळीत तसंच ठेवून रात्री प्रिंटर बंद केला. सकाळी चालू केला तर मोटर फिरते, दातेरी चाक टकटक करतं, पण नोझलमधून काही येत नाही. चाकाच्या मागून ओढून पाहिलं तर हातात बोटभर तुकडा येतो, आणि बाकीचं पुढे नळीत कुठेतरी अडकलेलं असतं. जुलैत कोल्हापुरात हे फार जणांच्या वाट्याला येतं. उद्यमनगरात माझा एक मित्र ओतकामाचे छोटे नमुने प्रिंट करून बघतो. त्याच्याकडे गेलो तेव्हा तो पक्कड हातात घेऊनच उभा होता. "भावा, जोर लावून ओढू काय?"

थंड असताना ओढायचं नाही. का, ते कळायला फिलामेंट जातं त्या वाटेचा शेवटचा भाग डोळ्यांसमोर आणावा लागतो. त्याच्या प्रिंटरमध्ये चाकापासून गरम डोक्यापर्यंत पांढरट टेफ्लॉनची नळी आहे. तिचं आतलं भोक 2 मिमी, फिलामेंट 1.75 मिमी. डोक्याच्या वरच्या भागाला पंख्याची हवा लागते, म्हणून तिथे प्लास्टिक कडक राहतं. खाली नोझलपाशी तापमान 200 अंशांच्या आसपास असतं. पीएलए हे फिलामेंटचं प्लास्टिक साधारण 60 अंशांना मऊ पडायला लागतं, त्यामुळे या दोन्हींच्या मधे काही मिलिमीटरच्या पट्ट्यात ते आधी रबरासारखं आणि मग पातळ होतं. पातळ झालेलं प्लास्टिक 1.75 मिमीचं राहत नाही, भोक भरून टाकतं. प्रिंटर बंद केला की ते तसंच गोठतं आणि बाटलीत घट्ट बसलेल्या बुचासारखं धरून ठेवतं. थंड असताना ओढलं की बूच जागचं हलत नाही, फिलामेंट त्याच्या मानेपाशी तुटतं. म्हणजे जो तुकडा हाताला लागण्यासारखा होता, तो गेला आणि न लागण्यासारखा आत राहिला.

म्हणून पहिलं काम, डोकं 200 अंशांवर नेणं. "260 वर टाकूया, पटकन वितळेल" हा मोह होतो, पण टेफ्लॉनची नळी डोक्याच्या आतपर्यंत जात असेल तर 240 च्या पुढे तिचं टोक खराब व्हायला लागतं आणि निघणारा धूर छातीला चांगला नाही. डोक्याचा छोटा पंखाही बंद करायचा नाही. तो बंद केला की उष्णता वर चढते आणि जिथे प्लास्टिक कडक राहायला हवं तिथेच ते फुगून नवं बूच तयार होतं.

तापमान स्थिर झालं की नळी सोडवायची. दोन्ही टोकांना जोडणीवर छोटी कडी असते. ती आत दाबून धरली की नळी सुटते. मित्राने चाकाकडचं टोक सोडवलं. आत तुटकं टोक दिसत होतं, पण चांगलं दोन बोटं खोल, पकडीला न लागणारं. अशा वेळी नळीत तार किंवा ड्रिल घालून खाजवायचं नाही. आतल्या भिंतीला ओरखडे पडतात आणि पुढे फिलामेंट तिथेच घासतं. त्यापेक्षा गरम डोक्याकडचं टोकही सोडवून नळी वर ओढून काढली. फिलामेंट नळीत सैल असतं, म्हणून नळी त्याच्यावरून निघून आली आणि तुकडा डोक्यात उभा राहिला.

आता पकडीने धरून आधी थोडा खाली दाबायचा, पाच-सात मिमी, नोझलमधून थोडं प्लास्टिक बाहेर पडेपर्यंत. मग एका झटक्यात वर. हळू ओढलं तर मऊ टोक थंड भागात पोचून तिथेच गोठतं. झटक्याने ओढलं तर ते लांबट केसासारखं ताणून सुटतं.

तुकडा निघाला. मित्र खूश. पण त्याचं टोक बघितलं तर शेपटी नव्हती. सपाट, तिरकं, कडेला पांढरट पडलेलं टोक होतं. वितळलेल्या जागेहून सुटलेल्या टोकाला शेपटी असते. तुटलेल्या टोकाला अशी पांढरी कड असते. म्हणजे आत आणखी एक तुकडा होता. नळी रिकामी केल्यावर तिच्यातूनही एक तुकडा पडला होता. ओळीने मांडून टोकाला टोक जुळवून बघितलं की कोणता तुकडा गायब आहे ते कळतं. इथे सर्वांत खालचा, दोनेक सेंटीमीटरचा, डोक्यात आत बुडालेला राहिला होता.

तो वर येणार नव्हता, म्हणून खाली ढकलायचा ठरवलं. त्यासाठी नव्या फिलामेंटचं टोक काटकोनात कापलं. टोकदार कापलं तर ते तुकड्याच्या कडेने सरकतं, आणि तिरक्या तोंडाचे दोन तुकडे एकमेकांवर चढून भोकात पाचर बसते. नवं फिलामेंट मुद्दाम वेगळ्या रंगाचं घेतलं, काळ्यावर पांढरं. 1.5 मिमीची ॲलन की सुद्धा चालते. तिचे कोपरे मोजले तर सुमारे 1.73 मिमी भरतात, म्हणून ती 2 मिमीच्या भोकात जाते. फक्त ती पकडीत धरायची, तापते.

घाई इथे उपयोगाची नाही. दोन सेंटीमीटर फिलामेंट म्हणजे जवळजवळ 48 घन मिमी प्लास्टिक. ते 0.4 मिमीच्या भोकातून जायचं असतं, म्हणजे फिलामेंटच्या एकोणिसाव्या भागाएवढ्या क्षेत्रफळातून. सेकंदाला एक मिमी या बेताने दाबत राहिलं की जातं. जोर लावला तर नवं फिलामेंटच वाकतं. आधी काळं आलं, मग राखाडी, मग पांढरं. बराच वेळ पांढऱ्यात काळी रेघ दिसते. कडेचं प्लास्टिक सावकाश सरकतं, एवढाच त्याचा अर्थ.

नळी परत बसवताना तिचं टोक सरळ कापलेलं असावं आणि शेवटपर्यंत दाबून बसवावं. नळी आणि नोझल यांच्या मधे फट राहिली तर तिथे प्लास्टिक साचून पुढचं बूच तिथेच तयार होतं.

मग मित्राने विचारलं, "पण तुटलंच का? ओढलं पण नव्हतं कुणी." पीएलए ओलावा शोषून आणि जुनं होत गेल्यावर ठिसूळ बनतं. पण रिळावर गुंडाळलेलं न तुटता नळीतलंच तुटतं, याचं कारण ताण आहे. महिनोन् महिने गोल राहिल्याने फिलामेंट त्या वळणाला सरावतं. नळीत ते सरळ केलं की वळणाची आतली बाजू ताणली जाते. रिळाच्या गाभ्यापाशी, 50 मिमी त्रिज्येवर, हा ताण अंदाजे पावणेदोन टक्के येतो. बाहेरच्या थरात, 95 मिमीला, एका टक्क्याहून कमी. पावणेदोन टक्के ताज्या पीएलएला झेपतात. ठिसूळ झालेल्याला रात्रभर झेपतील याची खात्री नाही. म्हणूनच रीळ संपत आलं की तुटण्याच्या तक्रारी वाढतात.

45 अंशांवर पाच-सहा तास सुकवल्यावर ओलावा जातो, ठिसूळपणा मात्र दरवेळी जात नाही. तपासायचं असेल तर वीतभर तुकडा हाताने वाकवा: दुमडून पांढरा पडला तर चालेल, कट् करून तुटला तर ते रीळ नळीत रात्रभर ठेवू नका. मित्राने गाभ्यापासचं उरलेलं फिलामेंट आता छोट्या, तासाभराच्या प्रिंटसाठी ठेवलंय, आणि काम झालं की डोकं गरम असतानाच ते मागे काढून घेतो.