रात्री हात बधिर होणे : मनगटातली नस की मानेतली?

हाताला मुंग्या येऊन मध्यरात्री जाग येण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे कार्पल टनेल सिंड्रोम, म्हणजेच मनगटात मीडियन नर्व्ह दाबली जाणे. मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूला हाडांची खोबण असते आणि तिच्यावर एक जाड पट्टा ताणलेला असतो. या अरुंद बोगद्यातून बोटे मिटणाऱ्या 9 कंडरा आणि ही एक नस जाते. झोपेत मनगट दुमडले की आतला दाब वाढतो, नसेला रक्त कमी पडते आणि बोटे बधिर होतात. माणूस उठून हात झटकतो, खाली लोंबकळत ठेवतो आणि थोड्या वेळात बरे वाटते. हे झटकणे हीच निदानाची मोठी खूण आहे.

मानेतल्या नसेचे मूळ दाबले गेले तरी अंगठा आणि तर्जनी बधिर होऊ शकतात, म्हणूनच घोटाळा होतो. पण तिथे दुखणे मानेतून किंवा खांद्याच्या फऱ्यातून हातात उतरते. मान मागे व त्याच बाजूला झुकवली की कळ वाढते, आणि हात डोक्यावर ठेवला की पुष्कळांना आराम पडतो.

समजा, पोळ्या करून देणाऱ्या 48 वर्षांच्या एका बाईंना पहाटे 3 वाजता उजवा हात जड होऊन जाग येते. मानेच्या एमआरआयमध्ये पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधली चकती झिजलेली दिसते, आणि मानेला पट्टा मिळतो. या वयात अशी झीज काहीही त्रास नसलेल्यांतही सर्रास आढळते, त्यामुळे केवळ चित्रावरून मानेला दोष देणे चूक. त्यांचा हात नीट तपासला तर अनामिकेचा मधल्या बोटाकडचा अर्धा भागच बधिर लागतो, करंगळी शाबूत असते. तळव्याचा मनगटालगतचा भागही शाबूत, कारण त्याची शाखा बोगद्याच्या आधीच फुटते. कोपरापुढच्या हाताची संवेदना आणि दंडाची ताकद चांगली आहे. मनगट 1 मिनिट दुमडून धरले की तीच मुंगी येते. दोष मनगटाचा.

शंका उरलीच तर नसेतून संदेश किती वेगाने जातो हे पाहणारी नर्व्ह कंडक्शन तपासणी करतात. मनगटात नस दाबली असेल तर तिथे संदेश मंदावतो. मानेत दाब असेल तर बोटांची संवेदना-चाचणी सहसा व्यवस्थित येते, कारण संवेदनेच्या पेशींची गाठ दाबाच्या जागेच्या बाहेर, हाताच्या बाजूला असते. दोन्ही आजार एकत्रही असू शकतात.

बाईंना आधी रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट देतात, काही आठवडे. मधुमेह, थायरॉईड तपासतात. गरोदरपणात होणारा त्रास बहुधा प्रसूतीनंतर ओसरतो. अंगठ्याच्या मुळाचा मांसल उंचवटा सपाट होऊ लागला, तर मात्र स्प्लिंटवर थांबू नये. शस्त्रक्रियेने मनगटातला तो जाड पट्टा मोकळा करावा लागतो. दोन्ही हातांनी बटणे लावणे जमेना आणि चालताना तोल जाऊ लागला, तर मानेत मज्जारज्जूच दाबला जात असण्याची शक्यता असते, आणि तेव्हा लगेच तज्ज्ञाकडे जायचे.