टाइम झोनच्या नावांतील उलट चिन्ह

संगणकावरील काही टाइम झोनच्या नावांत अधिक चिन्ह ग्रिनिचच्या पश्चिमेला आणि वजा चिन्ह पूर्वेला धरले जाते. या संकेतासंबंधीची ही नोंद आहे. तो मुख्यतः दोन ठिकाणी आढळतो. पहिले ठिकाण म्हणजे युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या पॉझिक्स मानकाप्रमाणे `TZ` या पर्यावरण-चलात लिहिली जाणारी अक्षरमाला, उदाहरणार्थ `IST-5:30`. दुसरे म्हणजे जगभरच्या टाइम झोनची माहिती साठवणाऱ्या टीझेड डेटाबेसमधील `Etc` या गटाची ठरावीक अंतराची नावे, उदाहरणार्थ `Etc/GMT+5`. हे नाव वाचणाऱ्याला कराचीची वेळ अपेक्षित असते; प्रत्यक्षात मिळते ती हिवाळ्यातल्या न्यूयॉर्कची.

पॉझिक्सच्या व्याख्येत चूक नाही, दिशा वेगळी आहे. झोनच्या नावापुढचा आकडा म्हणजे स्थानिक वेळेत जेवढे मिळवले असता यूटीसी ही जागतिक प्रमाणवेळ मिळते तेवढे अंतर. भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा केल्यावर यूटीसी मिळते, म्हणून `-5:30`. आयएसओ ८६०१ या मानकात आणि ई-मेलच्या शीर्षभागात हाच प्रश्न उलट बाजूने विचारला जातो: यूटीसीत किती मिळवले की स्थानिक वेळ मिळते? त्याचे उत्तर `+05:30`. वर्तमानपत्रांपासून मोबाइलच्या सेटिंगपर्यंत सर्वत्र दुसरी रीत रुळल्यामुळे पहिली रीत चुकीची वाटते.

उगम. याविषयी दोन मते मांडली जातात. एका मतानुसार हा संकेत नाविकांकडून आला. समुद्रावर जहाजाच्या झोनला जो आकडा देतात तो पश्चिम रेखांशात अधिक असतो आणि जहाजाच्या वेळेत मिळवला की ग्रिनिच वेळ मिळते; पॉझिक्सचीही व्याख्या नेमकी हीच आहे. रेखांशाच्या चिन्हाबाबत मात्र १८८४ साली वॉशिंग्टनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय मध्यान्हवृत्त परिषदेने पूर्व अधिक, पश्चिम वजा असा ठराव केला होता. तरीही पश्चिमेला अधिक धरण्याची सवय पुढे बराच काळ टिकून राहिली.

दुसरे मत अधिक साधे आहे आणि उपलब्ध कागदपत्रांशी ते जास्त जुळते. युनिक्स अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, बेल लॅब्जमध्ये घडले. सहाव्या आवृत्तीत वेळ काढणाऱ्या सी फाइलमध्ये `timezone` या चलाची किंमत थेट `5*60*60` अशी, म्हणजे पूर्व अमेरिकेच्या प्रमाणवेळेचे पाच तास सेकंदांत, लिहिलेली आढळते. ग्रिनिच वेळेतून ही रक्कम वजा केली की तिथली घड्याळी वेळ मिळे. सगळे वापरकर्ते एकाच दिशेला असताना प्रत्येक वेळी वजा चिन्ह कोण लिहीत बसणार? सातव्या आवृत्तीत (१९७९) हा आकडा कर्नलकडून मिळू लागला आणि ‘ग्रिनिचच्या पश्चिमेकडील मिनिटे’ असे त्याचे वर्णन झाले.

त्याच सातव्या आवृत्तीच्या मॅन्युअलमध्ये या प्रश्नावर प्रकाश टाकणारे एक उदाहरण आहे. झोनचे नाव तक्त्यात नसेल तर ग्रिनिचपासूनचे अंतर छापावे, हे सांगताना तिथे अफगाणिस्तान घेतला आहे. फंक्शनला आकडा द्यायचा तो `-(60*4+30)`, आणि त्यातून छापले जाणार `GMT+4:30`. म्हणजे यंत्राच्या पोटात पूर्वेला वजा आणि माणसाने वाचायच्या मजकुरात पूर्वेला अधिक, हा भेद मूळ कर्त्यांना पुरता ठाऊक होता. घोटाळा त्यानंतरचा. १९८०च्या दशकाच्या आरंभी सिस्टिम थ्री व तिच्या वंशातील युनिक्सवर `TZ` हे चल आले, तेव्हा पोटातला आकडा तसाच माणसाने टंकायच्या मजकुरात उतरला. `EST5EDT` हे त्याचे ठरलेले उदाहरण. इथे पाचाआधी चिन्हच नाही, त्यामुळे न्यू जर्सीत बसलेल्या माणसाला चिन्हाचा प्रश्न पडण्याचे कारण नव्हते. १९८८ च्या पॉझिक्स मानकाने चालू प्रघात मान्य केला आणि तो कायमचा झाला. नाविक परंपरेचा दूरचा संस्कार नाकारता येत नाही. परंतु थेट दुवा दाखवणारा पुरावा हवा असेल तर तो या दुसऱ्या मताच्या बाजूने आहे, असे म्हणावे लागते.

याच कुळातील इतर आकडेही आजवर पश्चिमाभिमुख आहेत. बीएसडीच्या `tz_minuteswest` मध्ये तर दिशा नावातच आहे. जावास्क्रिप्टचे `getTimezoneOffset()` भारतात `-330` देते आणि विंडोजमधील `Bias` हा आकडाही भारतासाठी वजा ३३० असतो. यांबद्दल तक्रार क्वचितच ऐकू येते, कारण ते प्रोग्रामच्या आत राहतात.

`Etc` गट. टीझेड डेटाबेसने हे चिन्ह जाणूनबुजून उलट ठेवले आहे. पॉझिक्सच्या `TZ` शी सुसंगती राहावी म्हणून असे केले असून बऱ्याच लोकांची अपेक्षा याच्या विरुद्ध असते, असे त्या फाइलमधील टिपणातच म्हटले आहे. नावे `Etc/GMT+12` पासून `Etc/GMT-14` पर्यंत आहेत. वजा बाजू लांब दिसते ती किरिबातीमधील किरितिमाती बेटासारख्या, यूटीसीच्या चौदा तास पुढे असलेल्या ठिकाणांमुळे. ही नावे फक्त पूर्ण तासांची आहेत. भारताला जुळेल असे एकही नाव या गटात नाही.

प्रत्यक्ष परिणाम. यूटीसी सकाळचे साडेसहा, म्हणजे मुंबईत दुपारचे बारा, अशी वेळ घेऊन लिनक्सवर दोन्ही चिन्हे तपासता येतात.

```
$ TZ='IST-5:30' date -d '2024-01-15 06:30 UTC' '+%F %T %Z %z'
2024-01-15 12:00:00 IST +0530
$ TZ='IST+5:30' date -d '2024-01-15 06:30 UTC' '+%F %T %Z %z'
2024-01-15 01:00:00 IST -0530
```

दुसऱ्या उत्तरात दुपारच्या बाराऐवजी रात्रीचा एक वाजला आहे आणि तरीही पुढे `IST` छापून आले आहे. फसगत होते ती या अक्षरांमुळे. पॉझिक्स अक्षरमालेत `IST` हे केवळ लेबल आहे. ते कोणत्याही तक्त्यात शोधले जात नाही, टंकले तसे परत छापले जाते. नुसते `TZ=IST` दिले तर लिनक्सवर सामान्यतः यूटीसीच वेळ `IST` या लेबलाखाली मिळते. `TZ=Etc/GMT-5:30` असे कोणी लिहिले तर तशी फाइल सापडत नाही. मग पहिली तीन अक्षरे लेबल म्हणून उचलली जातात आणि `Etc` या नावाची, शून्य अंतराची वेळ दिसते. यांपैकी कशातही चूक झाल्याचा संदेश येत नाही. विश्वास ठेवायचा तो `%z` ने छापलेल्या अंकांवर, कारण ते आयएसओच्या दिशेने असतात.

उलट चिन्हाची खूण अशी की घड्याळ नेहमी अंतराच्या दुपटीने चुकते. भारतात ही चूक अकरा तासांची असते. साडेपाच तासांचा फरक दिसला तर चिन्हाला दोष देऊ नये. तिथे झोनच लागू झालेला नसून यूटीसी दिसत असते. दुपटीच्या या नियमामुळे काही देशांत चूक चांगलीच लपते. ढाका यूटीसीच्या सहा तास पुढे आहे, तेव्हा तिथे चूक बारा तासांची होते आणि बारा तासांच्या घड्याळावर आकडे अगदी बरोबर दिसतात, फक्त सकाळची संध्याकाळ झालेली असते. न्यूझीलंडची प्रमाणवेळ बारा तास पुढे आहे. तिथे `Etc/GMT-12` ऐवजी `Etc/GMT+12` निवडले तर तास-मिनिटे तंतोतंत जुळतात आणि तारीख एक दिवस मागे राहते.

एकाच मजकुराचे दोन अर्थ. चिन्ह सरसकट उलट असते तर एकदा शिकून भागले असते. जावात `GMT+5` हे नाव पूर्वेचे पाच तास दाखवते आणि `Etc/GMT+5` पश्चिमेचे. `Etc/` एवढी चार चिन्हे पुढे लागली की अर्थ फिरतो. लिनक्सच्या `TZ` मध्ये तर नुसते `GMT+5` सुद्धा पश्चिमेचेच. पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीत दोन्ही रीती एकाच ओळीत येऊ शकतात:

```
SELECT timestamptz '2024-01-15 12:00+05:30'
       AT TIME ZONE 'UTC+5:30';
```

वेळेला चिकटलेले `+05:30` आयएसओप्रमाणे वाचले जाते, म्हणजे ही मुंबईतली दुपार. `AT TIME ZONE` नंतरचे नाव मात्र पॉझिक्सप्रमाणे वाचले जाते आणि उत्तर `2024-01-15 01:00:00` येते. त्या प्रणालीच्या दस्तऐवजात याचा इशारा दिलेला आहे. पण तो सहसा अहवालात अकरा तासांची तफावत दिसल्यानंतरच वाचला जातो.

वापर. सर्वसाधारण संगणकावर `Asia/Kolkata` हे स्थळनाम असताना चिन्हाच्या वाटेला जाण्याची गरज नाही. उन्हाळी वेळ पाळणाऱ्या देशांत तर ठरावीक अंतराचे नाव वर्षातले काही महिने चुकीचेच ठरते. झोनच्या फाइली ठेवायला जागा नसलेल्या छोट्या उपकरणांत, म्हणजे ओपनडब्ल्यूआरटी चालणाऱ्या राउटरवर किंवा ईएसपी३२ सारख्या चिपवर, पॉझिक्स अक्षरमाला लिहावीच लागते. ती बेतण्याऐवजी लिनक्सवरील झोन-फाइलच्या शेवटच्या ओळीतून उचलणे बरे, कारण आजच्या फाइलींच्या अखेरीस तीच अक्षरमाला साठवलेली असते:

```
$ tail -n1 /usr/share/zoneinfo/Asia/Kolkata
IST-5:30
$ tail -n1 /usr/share/zoneinfo/Asia/Kathmandu
<+0545>-5:45
```

नेपाळच्या वेळेला डेटाबेसमध्ये अक्षरी संक्षेप नाही, म्हणून टोकदार कंसातले `+0545` हे आयएसओच्या दिशेने लिहिलेले लेबल आहे. कंसाबाहेरचे `-5:45` हे पॉझिक्सचे अंतर.