कॉइलमधील प्रवाह सावकाश का वाढतो?

मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांत मिळणाऱ्या तांब्याच्या कॉइलवर तिचे स्वप्रवर्तन, म्हणजे प्रवाहातील बदलाला ती किती विरोध करते याचे माप, लिहिलेले असेलच असे नाही. ते मोजण्याचा सोपा मार्ग म्हणजे स्विच दाबल्यावर प्रवाह कसा वाढतो, हे पाहणे.

लोखंडी गाभ्याच्या एका कॉइलचा रोध २० ओहम आहे आणि तिच्याशी ४ ओहमचा रोधक एकसरीत जोडून १२ व्होल्टचा पुरवठा दिला आहे, असे समजा. अखेरीस प्रवाह १२ भागिले २४, म्हणजे ०.५ अँपिअर होईल. परंतु प्रवाह बदलताच कॉइलमध्ये त्या बदलाला विरोध करणारे विभव निर्माण होते. म्हणून अगदी पहिल्या क्षणी सर्व १२ व्होल्ट कॉइलवरच पडतात आणि प्रवाह शून्य असतो. जसजसा प्रवाह वाढतो, तसतसा रोधाच्या वाट्याला येणारे विभवांतर वाढते आणि वाढीचा वेग मंदावतो.

४ ओहमच्या रोधकावर ऑसिलोस्कोप लावल्यास तेथील विभवांतर शून्यापासून २ व्होल्टपर्यंत चढताना दिसते. अंतिम मूल्याच्या ६३.२ टक्के, म्हणजे सुमारे १.२६ व्होल्ट, गाठायला लागणारा वेळ हाच कालस्थिरांक. तो ५० मिलिसेकंद निघाला, तर τ = L/R वरून स्वप्रवर्तन L = ०.०५ × २४ = १.२ हेन्री. येथे विद्यार्थ्यांचा पाय नेमका घसरतो: R म्हणून केवळ बाहेरचा ४ ओहम धरला, तर उत्तर सहापट लहान येते. कॉइलचा स्वतःचा रोध धरायलाच हवा.

मोजमाप विश्वासार्ह आहे का, हे पुढच्या ५० मिलिसेकंदांत कळते. तेवढ्या वेळात उरलेली तफावत पुन्हा ३७ टक्क्यांवर यायला हवी, म्हणजे १०० मिलिसेकंदांना वाचन १.७३ व्होल्टच्या आसपास हवे. ते त्याहून बरेच वर असेल, तर गाभा संपृक्त होऊ लागला आहे आणि L स्थिर राहिलेले नाही.

चुंबकीय क्षेत्रात साठणारी ऊर्जा ½LI², येथे ०.१५ ज्यूल. ती प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असल्याने एका कालस्थिरांकानंतर प्रवाह ६३ टक्के झाला, तरी ऊर्जा फक्त ४० टक्के, म्हणजे ०.०६ ज्यूल असते. हा फरक मला या विषयातला सर्वांत लक्षणीय वाटतो. प्रवाह स्थिरावल्यावर पुरवठ्यातून येणारे ६ वॉट निव्वळ उष्णतेत जातात.

स्विच उघडताना हीच ऊर्जा बाहेर पडते. प्रवाह एका मिलिसेकंदात शून्य झाला, तर कॉइलवर सरासरी ६०० व्होल्ट निर्माण होतात आणि स्विचच्या टोकांत ठिणगी पडते. यासाठी कॉइलला समांतर, पुरवठ्याच्या उलट दिशेने डायोड जोडतात. प्रवाह त्यातून फिरत सावकाश ओसरतो आणि ऊर्जा मुख्यतः कॉइलच्या रोधातच विरते.