डीव्हीआरवर काही चॅनेलना सिग्नल न येणे

अॅनालॉग सीसीटीव्ही यंत्रणेतील एक नेहमीचा बिघाड. कॅमेऱ्यांचे चित्र साठवणारा डीव्हीआर चालू असतो, बाकीचे कॅमेरे नीट दिसतात, पण एखाद-दोन चौकटींत चित्राऐवजी `NO VIDEO`, `VIDEO LOSS` किंवा `NO SIGNAL` अशी अक्षरे येतात. शब्द कंपनीप्रमाणे बदलतात, अर्थ एकच असतो. येथे विचार केला आहे तो बीएनसी कनेक्टर आणि कोअॅक्सिअल केबलने जोडलेल्या, १२ व्होल्टवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांचा. महाराष्ट्रातील सोसायट्या, दुकाने आणि गोदामांत अजूनही मोठ्या प्रमाणावर हीच जोडणी आढळते. नेटवर्क केबलवरच्या आयपी कॅमेऱ्यांचे दुखणे वेगळे असते.

संदेश नेमके काय सांगतो हे आधी पाहू. कॅमेऱ्याच्या सिग्नलमध्ये चित्राबरोबर ठरावीक अंतराने येणारे सिंक स्पंद असतात आणि डीव्हीआर त्यांच्या आधारे चित्राच्या ओळी लावतो. हे स्पंद सापडले नाहीत की तो सिग्नल नाही असे जाहीर करतो आणि त्या चॅनेलचे रेकॉर्डिंगही थांबते. म्हणून लेन्सवर कापड टाकले तर चौकट काळी होते, पण हा संदेश येत नाही, कारण कॅमेरा अंधाराचेही चित्र पाठवतच असतो. काळी चौकट दिसते पण संदेश नाही, अशा वेळी केबल उसकटण्यात अर्थ नाही. दोष कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये किंवा दिव्यांमध्ये शोधावा. संपूर्ण पडद्यावर एकच `No Signal` आले असेल तर तो संदेश बहुधा टीव्हीचा असतो आणि कॅमेऱ्यांचा त्याच्याशी संबंध नसतो.

कोणते चॅनेल गेले आणि केव्हा गेले, यावरून अर्धे निदान होते. ओळीने चार चॅनेल एकदम गेले असतील तर चार निरनिराळ्या केबल एकाच वेळी तुटल्या असे मानणे वेडेपणाचे ठरेल. तेथे सामायिक वीजपुरवठा किंवा डीव्हीआरचा आतला भाग संशयित असतो. एकच चॅनेल कायम बंद असेल तर कनेक्टर, पावसात बंद पडत असेल तर बाहेरचा जोड, आणि रोज अंधार पडल्यावर बंद होत असेल तर व्होल्टेज. ही वेळ कोणाच्या आठवणीवर सोडण्याची गरज नसते. डीव्हीआरच्या लॉगमध्ये सिग्नल गेल्याची आणि परत आल्याची नोंद तारीख-वेळेसह असते. तंत्रज्ञ ती क्वचितच उघडतात, हे नवलच.

पहिली चाचणी अदलाबदलीची. डीव्हीआरच्या मागे बंद चॅनेलचा बीएनसी काढून चालू असलेल्या चॅनेलच्या जागी लावायचा आणि तेथला इकडे आणायचा. बिघाड केबलबरोबर दुसऱ्या चौकटीत गेला तर दोष केबल, पुरवठा किंवा कॅमेऱ्यात आहे. तो जुन्याच चौकटीत राहिला तर दोष डीव्हीआरच्या त्या पोर्टचा किंवा सेटिंगचा आहे. ही अदलाबदल पुरवठा बंद करून करावी. अर्थिंग नसलेल्या ठिकाणी बीएनसीच्या धातूला हात लागताच झिणझिण्या येतात, आणि अशा गळक्या विजेने पोर्ट जळू शकतो.

वीजपुरवठा

दोष केबलच्या बाजूला निघाला की आधी कॅमेऱ्याला वीज मिळते का ते पाहावे. शिडी न चढता हे कळते. कॅमेऱ्याच्या तोंडावर अंधार केला की त्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात. ८५० नॅनोमीटरचे दिवे नुसत्या डोळ्यांनाही मंद लालसर दिसतात, मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून तर ठळक दिसतात. दिवे लागले पण चित्र नाही, तर वीज पोहोचते आहे आणि व्हिडिओची वाट तुटली आहे. दिवेच लागले नाहीत तर पुरवठ्याकडे वळावे.

कॅमेऱ्यांना वीज देणारा एसएमपीएस चार कॅमेऱ्यांसाठी साधारणपणे १२ व्होल्ट ५ अँपिअरचा आणि आठांसाठी १० अँपिअरचा असतो. त्याचा हिरवा दिवा चालू आहे यावर विसंबू नये. आतले कपॅसिटर फुगलेले असले तरी तो दिवा जळतो आणि मोकळ्या टोकांवर मीटर १२ व्होल्टच दाखवतो; भार पडताच आकडा कोसळतो. म्हणून मोजमाप नेहमी कॅमेरे जोडलेले ठेवूनच करायचे. एसएमपीएसच्या पट्टीवर २३० व्होल्टचे स्क्रू शेजारीच उघडे असतात, तेव्हा मीटरच्या काड्या जपून लावाव्यात.

पण खरी फसगत होते ती लांब केबलच्या दुसऱ्या टोकाला. आपल्याकडे सर्रास वापरली जाते ती थ्री प्लस वन केबल: एक बारीक कोअॅक्सिअल आणि तिच्यासोबत तीन तारा. दोन तारा विजेला लागतात, तिसरी आवाजासाठी असते आणि बहुतेकदा रिकामीच राहते. या तारा फार बारीक असतात.

एक उदाहरण घेऊ. सोसायटीच्या फाटकावरचा कॅमेरा डीव्हीआरपासून ७० मीटरवर आहे. दिवसभर चित्र स्वच्छ. संध्याकाळी सातच्या सुमारास चौकट जाते-येते आणि रात्री कायमची जाते. केबलमधली तार शुद्ध तांब्याची आणि ०.२ चौरस मिलिमीटरची धरली तर तिचा रोध मीटरला सुमारे ०.०८६ ओहम होतो. वीज जाते आणि परत येते, म्हणून लांबी १४० मीटर आणि एकूण रोध सुमारे १२ ओहम. दिवसा कॅमेरा ०.१२ अँपिअर घेतो, वाटेत १.४ व्होल्ट खर्च होऊन १०.६ उरतात आणि कॅमेरा खुशाल चालतो. रात्री इन्फ्रारेड दिव्यांमुळे ओढ ०.३ अँपिअर होते. आता वाटेत ३.६ व्होल्ट जातात आणि कॅमेऱ्याला ८.४ मिळतात. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकात १२ व्होल्ट, २५ टक्के कमी-जास्त, असे लिहिलेले असते. म्हणजे ९ व्होल्टच्या खाली भरवसा नाही.

संधिप्रकाशातली ये-जा याचमुळे होते. दिवे लागतात, व्होल्टेज घसरते, कॅमेरा बंद पडतो; बंद पडताच ओढ थांबते, व्होल्टेज वर येते, कॅमेरा पुन्हा सुरू होतो आणि दिवे पुन्हा लागतात. काही सेकंदांनी हेच चक्र फिरत राहते आणि जवळ उभे राहिल्यास कॅमेऱ्यातला फिल्टर सरकल्याची टकटक ऐकू येते. दिवसा तपासायला आलेल्या तंत्रज्ञाला सगळे ठीक दिसते आणि तो निघून जातो. त्याने कॅमेऱ्यावर काळे कापड टाकून, कॅमेरा जोडलेला ठेवून, त्याच्या पिनवर व्होल्टेज मोजले तर तेच रात्रीचे दृश्य भरदुपारी हाती लागते.

उपाय तीन आहेत. रिकामी तिसरी तार दोन्ही टोकांना ऋण तारेला जोडली की परतीचा रोध निम्मा होतो, एकूण ९ ओहम उरतो आणि रात्री ९.३ व्होल्ट मिळतात. हे काठावरचे पास होणे आहे. याच्या जोडीला एसएमपीएसवर `V ADJ` लिहिलेला छोटा स्क्रू फिरवून पुरवठा १३ व्होल्ट केला की फाटकाला १०.३ मिळतात, मात्र तो स्क्रू सगळ्याच कॅमेऱ्यांचे व्होल्टेज वाढवतो, म्हणून जवळच्या कॅमेऱ्यांची मर्यादा आधी वाचावी आणि मीटर लावूनच तो फिरवावा. तिसरा आणि निर्धास्त उपाय म्हणजे फाटकापाशी वीज असेल तर तेथेच १२ व्होल्टचा अॅडॅप्टर बंद डब्यात बसवणे. बाजारातील स्वस्त केबलमध्ये तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनिअमची तार असते. तिचा रोध सुमारे दीडपट, तेव्हा वरचे गणित तिच्यासाठी आणखी वाईट होते.

कनेक्टर आणि केबल

वीज पुरेशी असूनही चित्र नाही, तेव्हा पहिला संशय बीएनसीवर. कोअॅक्सिअल केबलमध्ये मधली तार सिग्नल नेते आणि तिच्याभोवतीची जाळी परतीचा मार्ग देते. कनेक्टर बसवताना जाळीचा केसाएवढा एक तंतू मधल्या पिनला टेकला की सिग्नल तेथेच शॉर्ट होतो. दुसरा दोष याच्या उलट: मधली तार पिनच्या स्क्रूखाली न सापडता त्यावरचे प्लास्टिकच दाबले जाते, किंवा सोलताना तार अर्धी कापली जाते आणि महिन्याभराने तुटते. बोटाने कनेक्टर हलवल्यावर चित्र फडफडले तर दोष तेथेच समजावा.

हे मल्टिमीटरने पक्के करता येते. केबल दोन्ही टोकांना सोडवून, तिच्या एका टोकाला पिन आणि बाहेरची कडी यांच्यात रोध पाहावा. मीटरने बीप दिली तर शॉर्ट आहे. काही दाखवले नाही तर पलीकडच्या टोकाला पिन आणि कडी तारेच्या तुकड्याने जोडून पुन्हा पाहावे. आता काही ओहमचा आकडा यायला हवा. तो आला नाही तर मधली तार किंवा जाळी कोठेतरी तुटली आहे. शॉर्ट सापडल्यास आधी दोन्ही कनेक्टर कापून नवे लावावेत आणि मगच केबल बदलण्याचा विचार करावा. स्क्रूच्या बीएनसीपेक्षा क्रिंप केलेला किंवा सोल्डर केलेला अधिक टिकतो. आयत्या तारेचा बीएनसी केबलला पीळ देऊन जोडायचा आणि वर टेप गुंडाळायची, ही पद्धत झटपट असली तरी पुढच्या तक्रारीची पेरणी त्यातच होते.

पावसाळ्यात, विशेषतः कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत, अशा जोडात पाणी शिरते. तांब्यावर हिरवट थर चढतो आणि जाळी वातीसारखे पाणी केबलमध्ये कित्येक इंच ओढून घेते. म्हणून नुसता कनेक्टर बदलून भागत नाही. काळवंडलेली जाळी संपून चकचकीत तांबे दिसेपर्यंत केबल कापावी लागते. जोड प्लास्टिकच्या डब्यात ठेवावा, केबल डब्यात खालून न्यावी आणि आत शिरण्यापूर्वी तिला खाली झोल द्यावा, म्हणजे ओघळ तेथूनच टपकतो.

डीव्हीआरचा दोष

अदलाबदलीत बिघाड चौकटीतच राहिला तर आधी सेटिंग पाहावे. बऱ्याच डीव्हीआरमध्ये चॅनेल अॅनालॉग की आयपी हे ठरवता येते. चुकून आयपी निवडले गेले असेल तर त्या पोर्टवर बीएनसी लावून काहीच दिसत नाही. नवीन कॅमेरा लावल्यावर चौकट रिकामी राहिली, तर कॅमेरा ५ मेगापिक्सेलचा आणि डीव्हीआर फक्त १०८०पी घेणारा, असाही मेळ असू शकतो. एएचडी, टीव्हीआय, सीव्हीआय यांतील कोणत्या पद्धतीने सिग्नल पाठवायचा, हे काही कॅमेऱ्यांत केबलवरच्या बटणाने बदलता येते.

सेटिंग बरोबर असूनही पोर्ट मृत असेल तर बहुधा वीज कडाडल्यानंतर आतली चिप गेलेली असते. एक चिप अनेकदा चार चॅनेल सांभाळते, म्हणून ५ ते ८ असे सलग चार जाण्यामागे ती असू शकते. ती बदलण्याचा खर्च पुष्कळदा डीव्हीआरच्या किमतीच्या मानाने परवडत नाही. एखादेच पोर्ट गेले असेल तर कॅमेरा मोकळ्या पोर्टवर हलवावा. डीव्हीआर हायब्रिड, म्हणजे अॅनालॉग आणि आयपी दोन्ही कॅमेरे घेणारा, असेल तर त्या चॅनेलला आयपी ठरवून तेथे नेटवर्क कॅमेरा घेता येतो.