लोणारला नक्की कोण आदळलं?

परवा एका ग्रुपवर लोणार सरोवराचा सुंदर फोटो आला. खाली एकच ओळ होती: ‘अंतराळातून वेगाने येऊन इथल्या बसाल्टवर आदळून शास्त्रज्ञांना लोणारला काचेचे बारीक मणी सापडले.’ वाचून मी दचकलो. बिचारे शास्त्रज्ञ! फोटोखाली बदाम आणि टाळ्यांची रांग लागली होती, पण त्यांच्या हाडांची चौकशी कोणीच केली नव्हती.

फोटोओळीत चुका होतात त्या बहुधा अशाच. लिहिणाऱ्याच्या डोक्यात अशनी असतो, कागदावर तो उतरतच नाही. मग ‘आदळून’ हा शब्द वाक्यात कर्ता शोधत फिरतो आणि जो पहिला सापडेल त्याला चिकटतो.

हे का होतं? शाळेत आपण ‘-ऊन’ला पूर्वकालवाचक धातुसाधित म्हणून पाठ केलं: आधी एक क्रिया, मग दुसरी. त्याची खरी गंमत मात्र वेगळी आहे. ‘-ऊन’ची क्रिया स्वतःचा कर्ता सांगत नाही, मुख्य क्रियापदाचा उसना घेते. ‘शास्त्रज्ञांनी खाली उतरून विवर पाहिलं.’ उतरलं कोण? शास्त्रज्ञ. पण ‘पाहिलं’ हे रूप बदलतंय विवराप्रमाणे! म्हणजे क्रियापद जुळतं कर्माशी, तर ‘उतरून’ धरतं करणाऱ्याला. ‘मला लोणारला येऊन कळलं’ यात तर ‘मला’ चतुर्थीत आहे, तरी आलो मीच. तेव्हा प्रत्यय बघून कर्ता शोधायला जाल तर फसाल. क्रिया कोणी केली किंवा अनुभव कोणाला आला, ते विचारायचं. आपल्या ओळीत मणी सापडल्याचा अनुभव शास्त्रज्ञांचा, म्हणून आदळण्याचा मारही त्यांच्याच वाट्याला आला.

आता कोणी म्हणेल, ‘खारटपणा वाढून पाणी गुलाबी झालं’ हे वाक्य तर आपण सहज बोलतो. त्यात कर्ते दोन आहेत. बरोबर. इथे ‘-ऊन’ने आपला कर्ता, ‘खारटपणा’, शेजारीच बसवलाय, आणि पहिली क्रिया कोणी मुद्दाम केलेली नाही, ती दुसरीचं कारण आहे. ‘भिंत पडून दोघे जखमी झाले’ हेही तसंच. पण ‘शास्त्रज्ञांनी नमुने घेऊन पाणी गुलाबी झालं’ म्हणून पाहा, कानाला लगेच खटकतं. कोणी हेतूने केलेली क्रिया असली की ‘-ऊन’ला दुसरा कर्ता सहसा चालत नाही, तिथे ‘घेतल्यावर’ लागतं. (जून २०२० मध्ये हे पाणी खरंच गुलाबी झालं होतं. अपशकुनाचे मेसेज फिरले; तपासणीत निघाले खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव.)

सरकारी मराठीतलं ‘नमुने तपासून अहवाल सादर करण्यात आला’ हे वाक्य मात्र मी चूक मानत नाही. कर्ता दिसत नाही, पण तपासणारे आणि सादर करणारे एकच आहेत, वाचक अडखळत नाही.

तर दुरुस्ती. पहिला मोह होतो नुसता प्रत्यय बदलायचा: ‘बसाल्टवर आदळल्यावर शास्त्रज्ञांना मणी सापडले.’ काही उपयोग नाही, शास्त्रज्ञ अजून जखमीच आहेत. ‘-ल्यावर’ला वेगळा कर्ता चालतो खरा, पण तो लिहावा तर लागतो. ‘अशनी बसाल्टवर आदळल्यावर वितळलेल्या खडकाचे काचेचे मणी शास्त्रज्ञांना लोणारला सापडले.’ आता अशनी आदळतो, खडक वितळतो, शास्त्रज्ञ फक्त शोधतात. किंवा सुरुवातीचा तुकडा तसाच ठेवून त्याला लगेच मालक द्यायचा: ‘अंतराळातून वेगाने येऊन बसाल्टवर आदळलेल्या अशनीमुळे इथला खडक वितळला, त्याचे काचेचे मणी शास्त्रज्ञांना सापडले.’ मला ही दुसरी आवडते.

मात्र ‘-लेल्या’लाही स्वतःची खोड आहे. ‘अशनीच्या आघाताने तयार झालेल्या लोणार गावाजवळच्या सरोवराला भेट द्या.’ आघाताने गाव तयार झालं की सरोवर? पुढच्या नामाचं सामान्यरूप झालं की ‘झालेला, झालेली, झालेलं’ या सगळ्यांचं ‘झालेल्या’च होतं, आणि कोणत्या नामाशी नातं आहे ते पुसलं जातं. ‘अशनीच्या आघाताने तयार झालेलं लोणार गावाजवळचं सरोवर’ असं म्हणा, गोंधळ संपला: ‘गावाजवळ’शी नातं असतं तर ‘झालेल्या’ आलं असतं. ‘सरोवराला’च हवं असेल, तर गाव पुढे आणायचं: ‘लोणार गावाजवळ अशनीच्या आघाताने तयार झालेल्या सरोवराला भेट द्या.’

ग्रुपवर मी एवढंच विचारलं, ‘आदळलं कोण?’ उत्तर आलं, ‘अहो, अशनी. फोटोत दिसतंय की!’ फोटोत अर्थातच फक्त पाणी होतं.