गल्लीतला सिग्नल आणि चार सेंटिमीटर

“गणपत गल्लीतून चालताना सिग्नल सारखा वरखाली होतो, म्हणजे टॉवरच ताकद कमी-जास्त करतो ना?”

नाही. बेळगावच्या त्या गल्लीत टॉवरची लहर थेट येते, तशीच भिंती आणि पत्र्यांवर आपटूनही येते, आणि फोनला या सगळ्यांची बेरीज मिळते. १८०० मेगाहर्ट्झला लहरीची लांबी सुमारे १७ सेंटिमीटर असते. टॉवर पाठीशी आणि परावर्तन करणारी भिंत समोर असेल, तर चार सेंटिमीटर पुढे सरकताच थेट वाट तेवढीच लांबते, परतीची तेवढीच आखडते. आठ सेंटिमीटरच्या, म्हणजे जवळपास अर्ध्या लहरीच्या, या फरकाने एकमेकींना बळ देणाऱ्या लहरी एकमेकींना खोडू लागतात. साध्या चालीने असे खड्डे सेकंदाला चौदाएक लागतात. पडद्यावरच्या दांड्या मात्र सरासरी दाखवतात, त्यामुळे हे खड्डे त्यांत दिसत नाहीत. तिथे दिसणारा संथ उतार बहुधा इमारतीच्या किंवा अंगाच्या आडोशाचा असतो.